थिबाचं घड्याळ: घरातल्या जुन्या वस्तूचा माग कसा काढायचा

आमच्या ओटीवर भिंतीचं एक घड्याळ आहे. ते थिबा राजाचं, असं मी कळायला लागल्यापासून ऐकत आलोय. रत्नागिरीच्या आसपास हे नवल नाही. कुणाकडे थिबाचा पानाचा डबा असतो, कुणाकडे थिबाचा आरसा. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. 1910 मध्ये तो आजच्या थिबा पॅलेसमध्ये राहायला गेला, 1916 च्या डिसेंबरात वारला आणि 1919 मध्ये त्याचं कुटुंब मायदेशी परतलं. आमच्या काकांच्या म्हणण्यानुसार राजाचं सामान विकायला काढलं तेव्हा पणजोबांनी हे घड्याळ घेतलं. पुरावा म्हणून ते ट्रंकेतली एक जुनी पावती दाखवत.

दोन वर्षांपूर्वी मी या घड्याळाचा माग काढायला बसलो. ज्या क्रमाने गेलो तोच इथे सांगतो, कारण या कामात क्रम चुकला की सगळं चुकतं. बहुतेक जण आधी कहाणी ऐकतात आणि मग तिला जुळेल असा कागद शोधत बसतात. असा कागद सापडतोच. म्हणून आधी वस्तू वाचायची, मग तिच्यावरचे आकडे आणि चिठ्ठ्या, त्यानंतर कागद, आणि शेवटी कहाणी त्यांच्याशी ताडून बघायची.

एक गोष्ट मात्र अगदी सुरुवातीला करायची. घरातल्या प्रत्येकाची कहाणी वेगवेगळी बसून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची. एकही कागद त्यांना दाखवायच्या आधी. एकदा कागद दाखवला की माणसाची आठवण त्याच्याभोवती वळते, आणि मग मूळ काय होतं ते त्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक वाक्याखाली लिहायचं: हे स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं, आणि ऐकलेलं तर कुणाकडून. काकांचं सगळं ऐकीव निघालं. आत्याला मी घड्याळ कुठून आलं हे विचारलंच नाही. विचारलं, "याला चावी कोण द्यायचं?" वस्तू आली कुठून याच्या गोष्टी रंगवल्या जातात, पण रोजच्या कामाच्या आठवणी सहसा कुणी रंगवत नाही. आत्या म्हणाली, "बाबाच द्यायचे, रविवारी आंघोळ झाली की. आणि ठोके ऐकले की मला शाळेची आठवण यायची. आमच्या शाळेत अगदी असंच घड्याळ होतं." तेव्हा मी हे वाक्य नुसतं टिपून ठेवलं.

आता घड्याळ खाली उतरवायचं. हे काम पावसाळ्यात करू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगलेलं असतं आणि आतली कागदी चिठ्ठी ओल्या पापडासारखी असते, बोट लागलं तरी सुटते. माघ-फाल्गुनातली कोरडी सकाळ उत्तम. आधी लंबक काढून ठेवा, मग घड्याळ उतरवा. आणि हात लावण्याआधीची सर्वात महत्त्वाची सूचना म्हणजे काहीही पुसू नका. चिंच, राख, पितळेचं पॉलिश, काही नाही. वर्षानुवर्षांच्या काजळीखाली आणि कळकाखाली जे कोरलेलं असतं ते एका घासण्यात जातं. चिठ्ठी अर्धवट सुटली असेल तर ती ओढू नका, चिकटपट्टीही लावू नका. आहे तशी राहू द्या आणि फोटो काढा. फोटोसाठी खोली अंधारी करून बॅटरी वस्तूच्या बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. तिरप्या उजेडात खरवडलेल्या रेघांच्या सावल्या पडतात आणि समोरून अजिबात न दिसणारं अक्षर उठून येतं.

तबकडी काढल्यावर यंत्राच्या मागच्या पितळी पत्र्यावर आठ टोकांची चांदणी दिसली, मध्ये इंग्रजी जे. ही युंगहान्स या जर्मन कारखान्याची खूण. कारखाना 1861 पासूनचा, चांदणी 1890 पासूनची. म्हणजे घड्याळ 1890 च्या आधीचं नाही. आधी कधीच नाही आणि नंतर कधीच नाही, अशा दोन भिंती उभ्या करत आणि त्या जवळ आणत जाणं, एवढंच हे सगळं काम आहे.

त्या पत्र्यावर आकड्यांच्या दोन जागा होत्या. एके ठिकाणी 32 आणि 116. यावर फार लोक फसतात. कुणी तो अनुक्रमांक समजतं, कुणी साल शोधायला जातं. जर्मन यंत्रांवर अशी जोडी बहुधा लंबकाची असते: लांबी 32 सेंटिमीटर आणि मिनिटाला 116 ठोके. ताडून बघणं सोपं आहे. मी लंबक मोजला, तो 32 भरला. घड्याळ टांगून, वेळ बरोबर चालते याची खात्री करून एक मिनिट टिकटिक मोजली, तर 116. म्हणजे आकड्यांचा अर्थ बरोबर लागला, शिवाय लंबकही या यंत्राला साजेसाच आहे, दुसऱ्याच घड्याळाचा आणून अडकवलेला नाही.

दुसऱ्या जागी बारीक ठसा होता: इंग्रजी बी आणि 23. युंगहान्सच्या त्या काळातल्या यंत्रांवर अक्षर वर्षाचा अर्धा भाग सांगतं आणि आकडा वर्ष. ए म्हणजे पहिले सहा महिने, बी म्हणजे नंतरचे. तेव्हा यंत्र 1923 च्या उत्तरार्धातलं. थिबा जाऊन सात वर्षं झालेली.

इतर कारखान्यांच्या रीती वेगळ्या असतात, एकाची किल्ली दुसऱ्याला लावू नये. आपल्याकडच्या जुन्या घरांत अमेरिकन सेथ थॉमसही आढळतं. त्यांच्या पेटीच्या मागे साल उलटं छापलेलं असे आणि पुढे महिन्याचं अक्षर. 8981 आणि जे असं दिसलं तर ते 1898 चा ऑक्टोबर. एका ओळखीच्या घरी हाच आकडा कारखान्याचा अनुक्रमांक म्हणून फ्रेम करून लावलेला पाहिलाय.

काकांना 1923 सांगितल्यावर त्यांनी लगेच दोन हरकती घेतल्या, आणि दोन्ही रास्त होत्या. पहिली: "यंत्र नंतर बदललं असेल रे. पेटी जुनीच." असं होतं खरंच. जुन्या बाजारात चांगल्या पेटीत दुसरं यंत्र बसवलेली घड्याळं रग्गड मिळतात. ते ओळखायचं स्क्रूच्या भोकांवरून. यंत्र ज्या फळीवर बसतं तिथे वापरातल्या भोकांशिवाय बुजवलेली किंवा रिकामी भोकं आहेत का बघा. चावीचे दांडे तबकडीच्या छिद्रांच्या बरोबर मध्ये येतात की एका बाजूला सरकलेत ते बघा. यंत्राच्या मागे पेटीच्या लाकडावर उजेड न लागलेला वेगळ्या रंगाचा डाग पडतो, त्याचा आकार यंत्राशी जुळायला हवा. आमच्या घड्याळात भोकांचा एकच संच होता, दांडे मधोमध होते, डागही जुळला. त्यामुळे 1923 हे साल अख्ख्या घड्याळाला लावायला हरकत नव्हती.

दुसरी हरकत: "थोरली राजकन्या परत आली होती ना रत्नागिरीला!" हेही खरं. ती परतली आणि 1947 मध्ये रत्नागिरीतच वारली. म्हणजे ठशाने राजाचा वाडा बाद झाला, राजकन्येचं घर नाही. एक पुरावा नेमकं काय मोडतो आणि काय मोडत नाही हे नीट लिहून ठेवायला हवं. मी वहीत तसंच लिहिलं.

तबकडीच्या पाठीवर तिरप्या उजेडात सुईने खरवडलेल्या दोन ओळी सापडल्या: "12.6.49 चि" आणि खाली "3/62". घड्याळजी दुरुस्ती केली की अशी खूण करतात, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलं की किती दिवस चाललं ते कळतं. पहिल्या ओळीतून 1949 मध्ये ते मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या हातात होतं एवढं कळतं. "चि" म्हणजे चिपळूण असावं असं मनात येतं, पण ते कारागिराच्या नावाचं पहिलं अक्षरही असू शकतं, म्हणून त्याला मी खात्रीचा मजकूर मानला नाही.

मागच्या फळीला आतून दुकानाची चिठ्ठी होती, कसरीने खाल्लेली. नाव गेलेलं, उरलं होतं "काळबादेवी रोड, बॉम्बे". चिठ्ठी हा फसवा पुरावा आहे. ती विकणाऱ्याची असते तशी दुरुस्त करणाऱ्याचीही असते, आणि पन्नास वर्षांनी लावलेलीही असू शकते. तिच्यावर काय नाही हे आधी बघा. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, तेव्हा पिन असलेली चिठ्ठी त्यानंतरचीच. "सावंतवाडी संस्थान" किंवा "जंजिरा संस्थान" छापलं असेल तर ती बहुधा 1948 च्या विलीनीकरणाआधीची. "जि. सिंधुदुर्ग" असेल तर 1981 च्या नंतरची, कारण त्याआधी तो सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. "कुलाबा जिल्हा" असेल तर उलट, रायगड नाव त्याच वर्षी पडलं. अर्थात दुकानदार जुने छापील कागद संपेपर्यंत वापरतो, त्यामुळे दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरायची. आमच्या चिठ्ठीतून मुंबईच्या बाजाराशी संबंध एवढंच निघालं.

खरी गाठ सुटली ती पेटीच्या उजव्या अंगाला. पॉलिशखाली पांढऱ्या तेलरंगात, बोटभर उंचीचं, "14/31". रंग पॉलिशच्या वर आहे की खाली हे नखाने चाचपून कळतं. इथे वरचं पॉलिश सलग गुळगुळीत होतं, म्हणजे आकडा आधीचा आणि घड्याळ नंतर कुणीतरी पॉलिश करून घेतलेलं. घरातली माणसं आपल्या घड्याळावर नंबर घालत नाहीत. नंबर घालतात कचेऱ्या, वाचनालयं, देवस्थानं आणि शाळा. इथे मला आत्याचं वाक्य आठवलं.

शाळेत अशा वस्तूंची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. जुनी माणसं तिला डेडस्टॉक म्हणतात. त्यात अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वस्तूचं वर्णन, नग, किंमत, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. शेऱ्याचा रकाना आपल्या कामाचा: वस्तू मोडली, हरवली, बाद ठरवून निर्लेखित केली किंवा लिलावात गेली तर ते तिथे लिहितात. शाळेत जाताना "आमच्या घड्याळाची चौकशी करायची आहे" असं मोघम म्हणू नका. वस्तूचा आणि नंबराचा फोटो न्या, दोन ओळींचा अर्ज लिहून न्या, आणि वही तिथेच बसून बघू द्या एवढंच मागा. जुन्या वह्या कपाटाच्या वर किंवा पोटमाळ्यावर बांधलेल्या असतात. त्या शोधायला माणूस लागतो, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत जाऊ नये.

"14/31" चा अर्थ लावताना मी एकदा आपटलो. 31 हे पान समजलो. पान 31 वर चौदावी वस्तू म्हणून बाक निघालं. मग शाळेतच अजून उभ्या असलेल्या जुन्या वस्तू पाहिल्या. एका कपाटावर 9/27 होतं, पृथ्वीच्या गोलावर 3/34. वहीत कपाटाची खरेदी 1927 ची, गोलाची 1934 ची. म्हणजे तिरप्या रेघेनंतर साल आणि आधी त्या वर्षातला अनुक्रम. एका संस्थेची रीत अशी तिच्याच दुसऱ्या दोन-तीन वस्तूंवरून ठरवावी, अंदाजाने नाही. 1931 च्या पानावर चौदावी नोंद: "घड्याळ भिंतीचे, जर्मन, आठ दिवसांचे, नग 1, रु. 28-8-0", पुढे बिलाचा क्रमांक आणि खरेदी मुंबईहून. शेऱ्यात वेगळ्या शाईत "निर्लेखित, लिलाव, रु. 11.50", तारीख डिसेंबर 1958.

किंमत लिहिण्याच्या या दोन पद्धती बघा. 28-8-0 म्हणजे 28 रुपये 8 आणे, साडेअठ्ठावीस. 16 आण्यांचा रुपया आणि 12 पैंचा आणा. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, म्हणून 1958 च्या शेऱ्यात टिंब. जर 1931 च्या नोंदीत टिंबाची किंमत असती तर ती नोंद नंतर मागाहून लिहिलेली समजायची. उलट बाजूने इतकं कडक राहू नका. माणसं सवयीने पुढेही बरीच वर्षं आण्यांत लिहीत होती.

लिलावात कुणी घेतलं ते वहीत नव्हतं. इथून घरचे कागद. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर होत्या, मितीने लिहिलेल्या. शके साल इसवीत आणायला चैत्रापासून कार्तिकापर्यंत 78 मिळवायचे, माघ-फाल्गुनात 79, आणि मार्गशीर्ष-पौषात पंचांग बघायचं कारण जानेवारी मध्येच पडतो. डिसेंबर 1958 म्हणजे शके 1880 चा मार्गशीर्ष किंवा त्याच्या आगेमागे, तेव्हा सगळ्या वह्या न वाचता तेवढीच पानं उघडली. मार्गशीर्षात सापडलं: "शाळेचे घड्याळ लिलाव 11-50, हमाल 0-25." हमालाचे चार आणे वाचून मला रक्कम जुळल्याहून जास्त आनंद झाला. रस्ता नव्हता तेव्हा, साकवावरून डोक्यावरच आणलं असणार. तुमच्या वह्या मोडीत असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून फक्त लागणारी पानं वाचून घ्या. गुजराती व्यापाऱ्याच्या बिलावर संवत असतो, त्यातून 57 किंवा 56 वजा करायचे. एका गृहस्थांनी मला "2015 सालची बनावट पावती" म्हणून दाखवलेला कागद संवत 2015 चा, म्हणजे 1958-59 चा अस्सल होता.

आता काकांची पावती. तारीख 1911 ची, रक्कम 22 रुपये, खाली एक आण्याचं तिकीट आणि त्यावर सही. कागद खरा होता. 20 रुपयांच्या वरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागत असे, ते होतं. तिकिटावर सातवा एडवर्ड आणि टपाल व महसूल दोन्हींचा उल्लेख, तशी तिकिटं 1906 पासूनची. सगळं जुळत होतं, फक्त पावतीवर वस्तू लिहिली होती "टाइमपीस". टाइमपीस म्हणजे टेबलावरचं घड्याळ. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. अस्सल पावती आणि अस्सल वस्तू एकाच घरात असल्या म्हणून त्या एकमेकींच्या होत नाहीत. पावती वस्तूला बांधायची तर वर्णन, माप, नंबर किंवा किंमत यांतलं काहीतरी दोन्हीकडे सापडायला हवं. आमच्याकडे तसं बांधणारा दुवा होता 14/31 आणि 11.50, आणि ते दोन्ही शाळेकडे बोट दाखवत होते. मुंबईच्या बिलाने राजकन्येचाही प्रश्न मिटला.

घरात आल्यानंतरचा माग सोपा. आत्याच्या लग्नाच्या फोटोत, 1964 च्या, तिच्या डोक्यामागे घड्याळ दिसतं. फोटो मोठा करून बघताना नुसतं "तसंच घड्याळ" पुरत नाही, मोडतोड जुळायला हवी. आमच्या घड्याळाच्या डोक्यावरच्या नक्षीचा डावा गोंडा तुटलाय, फोटोतही तुटलेला आहे. पुढे भावाभावांच्या वाटणीच्या यादीत "भिंतीवरील घड्याळ, धाकट्याकडे" अशी ओळ आहे. यादीवर तारीख आणि सगळ्यांच्या सह्या आहेत.

तुमच्या बाबतीत नंबर संस्थेचा निघाला आणि शेऱ्याचा रकाना कोरा राहिला, तर तिथे थांबा. वस्तू लिलावात गेली की कुणी नेऊन परत आणलीच नाही हे कोऱ्या रकान्यावरून कळत नाही. सभेच्या इतिवृत्तात लिलावाचा ठराव असतो, पैसे जमा झाल्याची नोंद किर्दीत असते, त्या दोन ठिकाणी बघा. तिथेही नसेल तर संस्थेला स्वतःहून कळवलेलं बरं, विकायला काढल्यावर त्यांनी ओळखण्यापेक्षा. विकायचं असेल तर आणखी एक: शंभर वर्षांवरच्या वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदा लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. आमचं घड्याळ नुकतंच त्या रेषेपलीकडे गेलंय.

शेवटी सगळं एका कागदावर लिहून ठेवा. आमचा कागद असा आहे: 1923 चा उत्तरार्ध, जर्मनीत तयार, यंत्रावरचा ठसा. 1923 ते 1931, माहीत नाही. 1931, शाळेची खरेदी, मुंबईहून. 1949, दुरुस्ती. डिसेंबर 1958, लिलाव, आजोबा. 1962, दुरुस्ती. 1964, फोटो. त्यानंतर वाटणी. प्रत्येक ओळीपुढे पुरावा कुठे ठेवलाय ते. मधली आठ वर्षं मी मुद्दाम "माहीत नाही" अशी ठेवली आहेत. दुकानात पडून होतं असं लिहिणं सोपं होतं, पण तसं लिहिलं की दहा वर्षांनी तेच खरं ठरतं. त्याखाली वेगळ्या मथळ्याने "ऐकीव" म्हणून काकांची थिबाची गोष्टही पूर्ण लिहिली आहे, कुणी आणि कधी सांगितली यासकट. कागद पेन्सिलीने लिहा, शाई आपल्या दमट हवेत पसरते. एक प्रत पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवा, लंबकाला लागणार नाही अशी, आणि दुसरी घराबाहेर कुणाकडे तरी.

काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. पण ते टाइमपीस होतं ना बावीस रुपयांचं, ते थिबाकडनंच घेतलेलं असणार."